रजेवर सही कोणाची?

मागच्या नोकरीतली गोष्ट. तिसऱ्या शिफ्टच्या एका फिटरने मध्यरात्रीनंतरच्या चहाच्या सुट्टीत रजा टाकायला मोबाइलवरचं हजेरीचं अ‍ॅप उघडलं. अर्जाखाली मंजुरीसाठी नेहमी त्याच्या लाइनच्या साहेबांचं नाव यायचं. त्या रात्री तिथे दुसऱ्याच शेडमधल्या एका साहेबांचं नाव होतं, ज्यांच्याशी तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. त्याने स्क्रीनचा फोटो काढला, शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली दोनच शब्द लिहिले, "हे काय?" सकाळी सातला पहिल्या शिफ्टच्या बसेस गेटवर लागल्या तेव्हा एका बसमधून 'लाइन तीन बंद होणार' ही बातमी उतरली, दुसरीतून 'कंपनी विकली', आणि नाश्त्याचे पोहे संपेपर्यंत सगळा प्लांट गुजरातला गेलेला होता. मशीन कधी हलवणार यावरसुद्धा दोन मतं होती.

खरी बातमी एवढीच होती की दोन शेडचे मेंटेनन्सवाले एका साहेबांकडे जाणार होते. पण ती सकाळी अकराला ईमेलने सांगायचं ठरलं होतं आणि सिस्टीममध्ये बदलाची तारीख एक म्हणून टाकलेली. सिस्टीमची एक तारीख रात्री बारालाच लागते. ज्याने ती टाकली त्याने त्याला सांगितलेलं काम चोख केलं होतं. अकरा वाजता ईमेल आला, जो शॉप फ्लोअरवर कुणालाच येत नाही कारण तिथे कुणाला ईमेल आयडीच नसतो, म्हणून त्याची प्रिंट काढून बोर्डवर लावायला मला पाठवलं. मी तेव्हा एचआरमध्ये नवी होते. बोर्डाच्या काचेचं कुलूप उघडत असताना तोच फिटर मागे येऊन उभा राहिला. रात्रपाळी संपूनही घरी गेला नव्हता, डोळे लाल, हातात हेल्मेट. म्हणाला, "मॅडम, कंपनी विका नाहीतर ठेवा. माझ्या बहिणीचा साखरपुडा आहे संगमनेरला. रजेवर सही कोणाची?"

माझ्या हातात दीड पान मजकूर होता आणि त्यात याचं उत्तर नव्हतं.

त्या दीड पानात बदलत्या बाजारपेठेची आव्हानं होती, चपळ संघटना होती, 'आपण सर्व मिळून' होतं. मूळ बातमी चौथ्या परिच्छेदात, तीही एका लांबलचक वाक्याच्या पोटात. शेवटी ठळक अक्षरांत 'कोणीही घाबरून जाण्याचे कारण नाही'. ही ओळ वाचून घाबरलेली माणसं मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. तोवर जे निवांत होते तेही बोर्डासमोर थांबून एकमेकांना विचारत होते, घाबरण्यासारखं काय झालंय म्हणून.

माझे वडील साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कॉलनीत हंगामभर मळीचा गोडसर, किंचित आंबलेला वास असायचा, अंथरुणांतसुद्धा. संचालक मंडळ बदललं की खातेप्रमुख इकडचे तिकडे व्हायचे, पण ते कधीच कुणी सांगायचं नाही. कळायचं ते असं: कोण कुणाच्या जीपमध्ये पुढे बसलं, कुणाची खुर्ची ऑफिसातून व्हरांड्यात आली, चहाचा पहिला कप कोणत्या टेबलावर गेला. कॉलनीतली माणसं टपरीवर उभी राहून या खुणा जुळवायची, आणि आम्ही पोरं घरी येऊन त्याच बातम्या आणखी चढवून सांगायचो. एका वर्षी जेवताना आईने विचारलं, "मग आता तुमचे साहेब कोण?" वडील म्हणाले, "कळेल." ते 'कळेल' जवळजवळ अख्खा हंगाम चाललं. त्या वर्षी आजोबांच्या श्राद्धाला ते गावी गेले नाहीत. रजा नाकारली म्हणून नव्हे. ती मागायची कुणाकडे हे न ठरल्यामुळे त्यांनी मागितलीच नाही. मला तेव्हा हे फार हास्यास्पद वाटलं होतं. आता वाटत नाही. साहेब कोण हा मानमरातबाचा प्रश्न फार थोड्यांसाठी असतो. बाकीच्यांसाठी तो रजेचा, ओव्हरटाइमच्या तासांचा, वर्षाच्या शेवटी आपल्याबद्दल चार ओळी कोण लिहिणार याचा प्रश्न असतो.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अफवांचा अभ्यास केला आणि १९४७ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यांची मांडणी अशी की अफवेचा जोर दोन गोष्टींवर ठरतो: विषय ऐकणाऱ्याला किती महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल किती संदिग्धता आहे. या दोहोंची त्यांनी बेरीज केली नाही, गुणाकार केला. म्हणजे दोहोंतलं एक शून्य झालं की अफवाही शून्य. माणसांचं वागणं असं गणितात बसतं का यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण कारखान्यात राहून मला त्यातली एक गोष्ट पटली. आपल्या परिपत्रकांचा सगळा जोर पहिल्या आकड्यावर असतो. 'हा एक छोटासा बदल आहे', 'दैनंदिन कामावर परिणाम नाही' वगैरे. ज्याचा साहेब बदलतोय त्याला तुम्ही छोटासा बदल म्हटलंत की तो पहिल्यांदा विचार करतो, हे मोठी गोष्ट छोटी करून का सांगतायत? महत्त्व तसूभरही कमी होत नाही, उलट संदिग्धता वाढते. कमी करता येण्यासारखा आकडा एकच आहे, दुसरा.

आता मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये आहे. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबायचे, वेल्डिंग करायचं, पाठवायचे. चार लाइन, तीन शिफ्ट, आणि प्रत्येक लाइनच्या मॅनेजरच्या हाताखाली त्याचे स्वतःचे मेंटेनन्सवाले. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि त्यात एक आपलेपणा होता; फिटर 'आमच्या लाइनचा' असायचा. पण गेल्या पावसाळ्यात लाइन दोनची हायड्रॉलिक प्रेस बसली आणि जवळजवळ अख्खी शिफ्ट बंद राहिली. ती प्रेस कानाने ओळखणारा माणूस लाइन चारवर होता आणि त्या वेळी मोकळा होता. त्याच्या मॅनेजरने सोडलं नाही. लागणारी सील किटही चारच्याच कपाटात कुलपात होती. यात कुणी दुष्ट नव्हतं. ज्याला रोजचं उत्पादन मोजून विचारलं जातं तो आपला माणूस दुसऱ्याला देईल कशाला? त्याच कारणाने मशीन थांबवून वेळेवर करायची देखभालही पुढे ढकलली जायची. उत्पादन आणि देखभाल यांतलं काय आधी हे ठरवणारा माणूस एकच होता, आणि त्याचा जाब फक्त उत्पादनाबद्दल घेतला जायचा. म्हणून ठरलं की १ डिसेंबरपासून चारही लाइनचे मेंटेनन्सवाले एका मेंटेनन्स प्रमुखाला रिपोर्ट करतील. एकूण चौसष्ट माणसं. सांगायचं कसं हे माझ्याकडे आलं.

प्लांट हेडनी मला हेड ऑफिसहून आलेला मसुदा दिला आणि म्हणाले, मराठी करून टाक. मी मसुदा बाजूला ठेवला आणि एक तक्ता करायला घेतला. माणसाचं नाव, आजचा साहेब, १ डिसेंबरचा साहेब, आणि पुढे रकाने: रजा कोण मंजूर करणार, ओव्हरटाइमवर सही कुणाची, रात्री दोन वाजता मशीन बसली तर फोन कुणाला, शिफ्ट कोण लावणार, अप्रायझल कोण लिहिणार. हे कारकुनी काम वाटतं, पण मजकूर लिहिण्याच्या आधी निर्णय खरोखर पूर्ण झालाय का हे तपासायची दुसरी रीत मला माहीत नाही. तक्ता भरताना दिसलं की साहेबांनी घेतलेला निर्णय पाऊणच होता. कॉम्प्रेसर आणि जनरेटर बघणारे तिघे कागदोपत्री लाइन तीनवर होते, प्रत्यक्षात सगळ्यांचेच. ते कुठे जाणार हे कुणी ठरवलंच नव्हतं. अप्रायझलचं वर्ष एप्रिल ते मार्च. म्हणजे आठ महिने काम जुन्या साहेबांनी बघितलं आणि मार्क नव्याने द्यायचे, जो त्या माणसाला ओळखतही नाही. दोन बैठका फक्त यावर गेल्या. शेवटी ठरलं की जुने मॅनेजर ३० नोव्हेंबरपूर्वी प्रत्येकाबद्दल लेखी टिपण देतील, ते त्या माणसाला वाचायला मिळेल, तो त्यावर सही करेल, आणि मार्चमध्ये नवे प्रमुख ते समोर ठेवूनच मार्क देतील. माझ्या मते सगळ्या बदलात कामगारांच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट ही होती, आणि हेड ऑफिसच्या मसुद्यात तिचा उल्लेखही नव्हता.

मग तारीख. दिवाळीच्या आधी काहीही सांगितलं असतं तर ते बोनसशी जोडलं गेलं असतं, म्हणून दिवाळी जाऊ दिली. आमची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे बुधवार बाद. बातमी ऐकून माणसं घरी गेली की चोवीस तास ती त्यांच्या डोक्यात एकटीच फिरते आणि विचारायला समोर कुणी नसतं. मंगळवार ठरला, नोव्हेंबरच्या मध्यावरचा, म्हणजे अंमल सुरू होईपर्यंत दोन आठवडे हातात.

खरी कसरत क्रमाची होती. आदल्या दिवशी दुपारी प्लांट हेडनी चारही लाइन मॅनेजरना एकेकटं बोलावून सांगितलं, कारण माणसं त्यांच्याकडून जाणार होती आणि हे त्यांना चारचौघांत कळणं वाईट झालं असतं. त्याच संध्याकाळी युनियनच्या प्रतिनिधींना सांगितलं. मंगळवारी पहिल्या शिफ्टच्या मेंटेनन्सवाल्यांना शिफ्ट सुटायच्या अर्धा तास आधी आणि दुसऱ्या शिफ्टच्यांना अर्धा तास लवकर बोलावून एकत्रच सांगितलं. वेगळं सांगितलं असतं तर गेटवर बाहेर पडणाऱ्याने आत येणाऱ्याला गाठलं असतं, आणि आम्ही सांगायच्या आधीच त्याला त्याची आवृत्ती मिळाली असती. तिसऱ्या शिफ्टसाठी प्लांट हेड स्वतः रात्री साडेअकराला आले. स्वेटर घालून, कँटीनच्या बाकावर बसून त्यांनी तोच कागद वाचला. मधल्या आठ तासांत रात्रपाळीवाल्यांना ग्रुपवर कळणार हे उघड होतं, म्हणून दुपारीच त्यांच्या शिफ्ट इनचार्जकडून प्रत्येकाला फोन गेला: साहेब बदलतायत, नोकरी-पगाराशी संबंध नाही, सविस्तर रात्री प्लांट हेड समोर बसून सांगतील. जे रजेवर होते त्यांनाही फोन केले. एक जण हॉस्पिटलमध्ये होता, त्याच्या बायकोने फोन घेतला आणि आधी घाबरून म्हणाली, मेडिक्लेमचं काही आहे का? सिस्टीममधले साहेब ३० नोव्हेंबरच्या रात्रीपर्यंत बदलायचे नाहीत आणि 'आपले रिपोर्टिंग मॅनेजर बदलले आहेत' हा आपोआप जाणारा मेसेज बंद ठेवायचा, हे मी सिस्टीमवाल्याच्या शेजारी उभं राहून करून घेतलं. तो म्हणाला, मॅडम, एवढा अविश्वास? मी त्याला मागच्या नोकरीतली गोष्ट सांगितली नाही.

कागद एका पानाचा होता. पहिलं वाक्य: '१ डिसेंबरपासून चारही लाइनचे मेंटेनन्सचे सर्व कर्मचारी मेंटेनन्स प्रमुखांना रिपोर्ट करतील.' त्याच्या आधी काही नाही, नमस्कारसुद्धा नाही. यावर प्लांट हेड थोडे नाराज झाले, इतकं कोरडं? मी त्यांना २०१४ सालचं मायक्रोसॉफ्टचं पत्र दाखवलं. नोकियाचा मोबाइल फोनचा धंदा घेतल्यानंतर त्या विभागाचे प्रमुख स्टीफन एलॉप यांनी जुलैमध्ये कर्मचाऱ्यांना लिहिलेलं. सुरुवात 'हॅलो देअर' अशी खेळीमेळीची, मग धोरण, फोनचे प्रकार, कुठलं काम कुठे हलणार, आणि बरंच खाली गेल्यावर साडेबारा हजार माणसं कमी होणार असल्याचं वाक्य. जगभर त्या पत्राची टिंगल झाली. आमची बातमी त्यामानाने काहीच नव्हती, पण वाचणाऱ्याची रीत तीच असते: तो पहिल्या ओळीपासून स्वतःचं नाव शोधत असतो, आणि ते सापडेपर्यंत मधलं काहीही वाचत नाही. प्रेमाचे शब्द त्याला उशीर करतात.

दुसऱ्या परिच्छेदात कारण. मी पावसाळ्यातली ती प्रेस, चारवरचा मोकळा माणूस आणि कुलपातली सील किट हेच लिहिलं, फक्त कुणाचं नाव न घेता. लाइन चारच्या मॅनेजरना ते आधी दाखवून. 'कार्यक्षमता वाढवण्यासाठी' असं लिहिलं असतं तर प्रत्येकाने आपापला अर्थ लावला असता, आणि कारखान्यात कार्यक्षमता म्हटलं की बहुतेकांना माणसं कमी होताना दिसतात. ती प्रेस मात्र सगळ्यांनी बघितली होती. त्याच परिच्छेदात तोटाही लिहिला: सुरुवातीचे काही आठवडे तुमच्या लाइनला बोलावलेला माणूस ओळखीचा नसेल आणि यायला वेळ लागेल. हे वाक्य काढा असं तिघांनी सांगितलं. राहू दिलं ते बरं झालं, कारण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नेमकं तसंच झालं आणि लाइनवरच्या ऑपरेटरांनी बोंब मारण्याऐवजी 'हे सांगितलं होतं' असं म्हटलं. निदान काहींनी.

मग 'काय बदलत नाही' हा भाग. हा सगळ्यांना लिहायला आवडतो आणि म्हणूनच धोक्याचा. मी आठ-दहा गोष्टी लिहिल्या आणि प्रत्येक गोष्ट ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे घेऊन गेले. पगार, ग्रेड, पीएफ, मेडिक्लेम ठीक. लॉकर ठीक. बसचा मार्ग? ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, शिफ्ट बदलली तर मार्ग बदलू शकतो. शिफ्ट बदलणार का? नवे प्रमुख म्हणाले, चौसष्ट माणसं एकत्र आल्यावर शिफ्ट नव्याने लावणं हाच तर उद्देश आहे. म्हणजे 'शिफ्ट बदलणार नाही' हे सरळसरळ खोटं ठरलं असतं, तेही दोन महिन्यांत. त्याजागी लिहिलं: '३१ जानेवारीपर्यंत शिफ्ट आणि बस आत्ता आहेत तशाच. १ फेब्रुवारीपासूनचं नवं वेळापत्रक १५ जानेवारीला बोर्डवर लागेल.' दिलासा कमी आहे यात, मान्य. पण ज्याला मुलाची शाळा आणि बायकोची ड्यूटी सांभाळायची आहे त्याला तारीख मिळाली की तो त्या तारखेपर्यंत शांत बसतो.

नोकरीच्या वाक्याने सगळ्यात जास्त वेळ घेतला. प्लांट हेडना मनापासून लिहायचं होतं, 'कोणाचीही नोकरी जाणार नाही.' माणूस चांगला, आणि त्या क्षणी ते खरंही होतं. पण मेंटेनन्समध्ये नऊ कंत्राटी फिटर होते आणि त्यांचा करार मार्चअखेर संपत होता. तो पुढे चालेल असं लिहून द्यायला हेड ऑफिस तयार नव्हतं. करार नाही वाढला, तर त्याचा या बदलाशी काही संबंध नसला तरी नोव्हेंबरचा कागद मार्चमध्ये खोटा पडला असता, आणि मग त्यातली बाकीची खरी वाक्यंही त्याच्याबरोबर गेली असती. शेवटी तीन वाक्यं झाली: 'या बदलात एकही पद कमी केलेलं नाही. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा करार ठरल्याप्रमाणे मार्चअखेर संपतो. त्याबद्दलचा निर्णय २० फेब्रुवारीला सांगितला जाईल.' मंगळवारी हे वाचलं गेलं तेव्हा बाकीचे पंचावन्न सैल झालेले दिसले आणि त्या नऊ जणांच्या बसण्यात फरक पडला. त्यांना आधीही करार माहीत होता, पण तो असा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला गेला नव्हता. हे करताना मला बरं वाटलं नाही, आणि आजही मी याला पूर्ण योग्य म्हणत नाही. फक्त दुसरं वाक्य मला सापडलं नाही.

कागद कितीही नीट असला तरी दुसऱ्या दिवसापासून बोलतात ते सुपरवायझर आणि मॅनेजर. आणि त्यांच्या तोंडी एक वाक्य असतं जे मला अफवेपेक्षा जास्त घातक वाटतं: "वरून आलंय." हे म्हणणारा आपल्या माणसांच्या बाजूने उभा राहिल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात तो त्यांना सांगत असतो की आत काय शिजतंय ते मलाही माहीत नाही. म्हणून चौघा मॅनेजरना एक रात्र आधी मिळाली होती ती फक्त मान राखायला नव्हे, त्यांचा राग त्यांनी प्लांट हेडसमोर काढावा म्हणूनही. लाइन तीनच्या साहेबांनी तो काढला. त्यांनी त्यातल्या कित्येकांना ट्रेनी म्हणून घेतलेलं, पाना धरायला शिकवलेलं. "माझी माणसं काढून घेताय आणि टार्गेट तेवढंच ठेवताय," म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. टार्गेटबद्दल त्या रात्री ठरलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांना माणसांसमोर म्हणायला एक खरं वाक्य मिळालं: मी विरोध केला होता, माझं काही ऐकलं, काही ऐकलं नाही, आणि कारण मला पटलेलं आहे. चौघांनाही आम्ही एकच सूट दिली होती, की माहीत नसेल तर 'माहीत नाही, परवा सांगतो' म्हणा आणि परवा खरंच सांगा. यातलं दुसरं अर्धं जमवणं अवघड.

टाइम ऑफिसच्या खिडकीत एक साधी दोनशे पानी वही दोरीने बांधून ठेवली. नाव न लिहिता प्रश्न लिहायचा, दुसऱ्या दिवशी उत्तर बोर्डवर. पहिल्या दोन दिवसांत 'मेंटेनन्स प्रमुख कोणाचे पाहुणे आहेत?' छापाचे प्रश्न आले, तेही जसेच्या तसे लावले आणि त्यांची नेमणूक कशी झाली ते लिहिलं. मग ओव्हरटाइम, गेटपास, बूट कुणाकडून मागायचे. कागदात असलेलीच गोष्ट पुन्हा विचारली जाते तेव्हा ती वाचलेली नसते किंवा वाचून विश्वास बसलेला नसतो. दोन्ही वेळा उत्तर तेच पण अक्षर मोठं लागतं. वही रिकामी राहिली तर मी खूश होत नाही. तेव्हा मी दुसरीकडे बघते: अनुभवाचा दाखला मागायला किती जण आले, पीएफची चौकशी वाढली का, आणि १ डिसेंबरनंतरही रजेचे कागद जुन्याच साहेबांच्या टेबलावर येतायत का. पहिल्या आठवड्यात येत होते. लाइन एकचे मॅनेजर ते निमूटपणे सही करून परतही देत होते. त्यांना थांबवायला लागलं, आणि ते त्यांना लागलं.

मेंटेनन्स प्रमुख स्वतः रजेवर असतील तर काय, हा प्रश्न तक्त्यात आम्हा कुणालाच सुचला नव्हता. तो वहीतून आला, हिरव्या पेनाने.

२० फेब्रुवारी उजाडली आणि हेड ऑफिसचा निर्णय झालेला नव्हता. प्लांट हेड म्हणाले, दोन दिवस थांबू, मग एकदम सांगू. मी हट्ट धरला, आणि त्या दिवशी सकाळी बोर्डवर लागलं की निर्णय आज सांगणार होतो, झालेला नाही, ५ मार्चला सांगू. याने कुणी खूश झालं नाही. युनियनचा प्रतिनिधी म्हणाला, "तारीख पाळलीत, निर्णय नाही पाळलात," आणि ते बरोबर होतं. ५ मार्चला निर्णय आला: सहा जणांचा करार पुढे, तिघांचा नाही. तिघांना मेंटेनन्स प्रमुखांनी सकाळीच एकेकटं बोलावून सांगितलं, दुपारी बोर्डवर लागायच्या आधी.

त्यातला एक नंतर माझ्याकडे आला, अनुभवाच्या दाखल्यासाठी. नियमाप्रमाणे तो कंत्राटदाराने द्यायचा, तसा तो मिळालाही होता. पण त्याला लाइन तीनच्या साहेबांकडून चार ओळी हव्या होत्या. मी म्हटलं, तुझे साहेब आता ते नाहीत, मेंटेनन्स प्रमुखांची सही लागेल. तो म्हणाला, "त्यांनी मला तीन महिने बघितलंय, मॅडम." मी कंपनीचं लेटरहेड काढून दिलं. लाइन तीनच्या साहेबांनी शेडमध्येच, उभ्याउभ्या, प्रेसच्या कंट्रोल पॅनेलवर कागद ठेवून चारच्या जागी अकरा ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. शिक्का मारावा की नाही यावर मी थोडा विचार केला आणि मारला.